तरणतलाव दिसतो, पण रडणाऱ्या मुलाला कोण घेतं? शाळेची प्रवेशपुस्तिका नव्याने लिहिताना

दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेली ती पुस्तिका १६ पानांची होती. मुखपृष्ठावर ड्रोनने टिपलेली इमारत. आत तरणतलाव, संगणक कक्ष, सभागृह, ग्रंथालय, सीसीटीव्ही. शेवटच्या पानावर पुन्हा तीच इमारत, या वेळी संध्याकाळच्या दिव्यांत. छपाई देखणी होती. शाळेचं म्हणणं असं, की पुस्तिका नेणारे पुष्कळ आणि अर्ज भरणारे थोडे, तेव्हा मजकूर जरा आकर्षक करून द्या.

मजकुराला हात लावण्याआधी मी दोन सकाळी शाळेच्या कार्यालयात नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी एक आई आली. मुलगी साडेतीन वर्षांची, बालवर्गासाठी. पुस्तिका हातात होती, आणि खिडकीशी वाकून ती हळू आवाजात विचारत होती, "ताई, तिला अजून चड्डी नीट वर ओढता येत नाही. शू लागली तर तिला कोण नेतं?" पुस्तिकेच्या नवव्या पानावर याच विषयाची एक ओळ होती: 'प्रत्येक मजल्यावर अत्याधुनिक, सुसज्ज प्रसाधनगृहे.'

ती ओळ खोटी नव्हती, पण अर्धवट होती. जागा सांगितली, माणूस सांगितला नाही. सुविधांच्या अभिमानाने भरलेल्या बहुतेक पुस्तिकांचं दुखणं हेच असतं, आणि म्हणूनच अशी पुस्तिका सुधारायची म्हणजे विशेषणं बदलायची नाहीत, प्रत्येक अर्धवट वाक्य पुरं करायचं. हे काम तुमच्याकडे पहिल्यांदाच आलं असेल, मग तुम्ही शाळेतल्या शिक्षिका असा, कार्यालयातले असा किंवा बाहेरून लिहायला बोलावलेले असा, तर ते कोणत्या क्रमाने करावं ते इथे सांगते. उदाहरण त्याच पुस्तिकेचं घेते आणि बालवर्गापुरतंच ठेवते. मूल पहिल्यांदा घराबाहेर राहणार असतं तेव्हा पालकांच्या मनातले प्रश्न सगळ्यात उघडे असतात. ते नीट हाताळता आले, की वरच्या वर्गांसाठीही हीच रीत चालते.

आधी जुनी पुस्तिका पेन्सिलीने वाचा

दोन रंगीत पेन्सिली घ्या. ज्या वाक्याचा कर्ता वस्तू, इमारत किंवा संस्था आहे त्याखाली निळी रेघ मारा. ज्या वाक्यात एखादं माणूस काही करतं, म्हणजे शिक्षिका, मूल, मदतनीस, चालक, पालक, त्याखाली लाल. 'शाळा कटिबद्ध आहे' हे वाक्य निळ्यातच जातं, कारण शाळा कुणाचं नाक पुसत नाही.

त्या १६ पानांत लाल रेघा चारच निघाल्या. त्यातल्या दोन मुख्याध्यापिकांच्या मनोगतात होत्या. 'वर्गशिक्षिका' हा शब्द एकदाच आला होता, तोही गणवेशाच्या सूचनेत. ही रंगवलेली प्रत जपून ठेवा. पुढे संस्थेच्या बैठकीत तुमची बाजू मांडायला ती दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडते. समोरचा माणूस पानं उलटतो आणि सगळीकडे निळंच दिसतं.

प्रश्न गोळा करा, पण छापील प्रश्नावलीने नको

शाळा पहिल्यांदा सुचवते ती प्रश्नावली. 'शाळा निवडताना आपणास काय महत्त्वाचे वाटते?' असं विचारलं की पालक शिक्षणाचा दर्जा, शिस्त, सर्वांगीण विकास यावर खुणा करतात. ही उत्तरं सभ्यपणाची असतात. शूचा प्रश्न प्रश्नावलीत कुणी लिहीत नाही. तो खिडकीशी, हळू आवाजातच विचारला जातो.

त्यामुळे प्रश्न जिथे पडतात तिथे जाऊन ते गोळा करावे लागतात. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयात एक साधी वही ठेवा. फोन घेणाऱ्या आणि खिडकीवर बसणाऱ्या व्यक्तीने पालकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा. शेजारी मुलाचं वय आणि हा प्रश्न शाळा पाहण्याआधी विचारला की पाहिल्यानंतर, एवढंच. पालकाचं नाव नको. शब्द बदलू नका, हे दोनदा सांगावं लागतं, कारण कार्यालयीन सवयीने 'शू लागली तर कोण नेतं' याचं वहीत 'स्वच्छतागृहाबाबत चौकशी' होतं आणि त्यातला सगळा जीव जातो. दोन आठवड्यांची वही पुरते.

फाटकावरच्या रखवालदाराशी आणि बसच्या चालकाशीही बोला. पालक कार्यालयात जे विचारायला संकोचतात ते फाटकावर विचारतात: आतून रडण्याचा आवाज येतो का, बस वेळेवर येते का, मुलं कुणाच्या हाती देता.

त्यानंतर सहा ते आठ पालकांशी अर्धा-अर्धा तास बोला. ज्यांच्या मुलांना शाळेत येऊन तीनेक महिने झाले आहेत असे पालक निवडा. त्यांना भीती अजून आठवत असते आणि तिचं पुढे काय झालं हेही सांगता येतं. मत विचारू नका, घडलेलं विचारा. "अर्ज घ्यायचं ठरलं त्याआधी घरात काय बोलणं झालं?" "पहिल्या दिवशी सोडून परत निघालात तेव्हा मनात काय होतं?" "पहिल्या महिन्यात शाळेला फोन करावासा वाटला, पण केला नाही, असं कधी झालं?" शेवटच्या प्रश्नाला मला सगळ्यात जास्त मिळालं. एका वडिलांनी सांगितलं, की मुलगा आठवडाभर डबा तसाच परत आणत होता. शाळेत कुणाच्या लक्षात आलं आहे की नाही हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही, कारण 'तक्रार करणारे पालक' असा शिक्का बसेल असं त्यांना वाटलं.

पुस्तिका नेली पण अर्ज केला नाही अशा पालकांपैकी दोघे-तिघे बोलायला तयार झाले तर फारच चांगलं. त्यांना प्रवेशासाठी पुन्हा गळ घालायची नाही हे आधीच स्पष्ट करा, नाहीतर ते खरं सांगत नाहीत.

प्रश्नाखालचा प्रश्न

वही भरली की उत्तरं लिहायची घाई होते. थांबा. विचारलेला प्रश्न आणि मनातली काळजी यांत बऱ्याचदा अंतर असतं. 'एका वर्गात किती मुलं?' हा त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता. 'अठ्ठावीस' हे त्याचं बरोबर उत्तर आहे, पण त्याने कुणाचं समाधान होत नव्हतं. मग मी पालकांना विचारू लागले, "हे का विचारावंसं वाटलं?" एक आई म्हणाली, "माझा मुलगा बोलत नाही. गप्प बसून राहतो. इतक्या मुलांत त्याला कुणी बघेल का?" तिला आकडा नकोच होता. गप्प मुलाकडे लक्ष जाण्याची काही व्यवस्था आहे का, हे तिला हवं होतं. अर्थ आपणच लावून मोकळं होऊ नका, विचारून घ्या. दुसऱ्या एका पालकाने तोच प्रश्न विचारला तो आजारपणं पसरतात म्हणून.

आता प्रश्नांचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात पालक वारंवार विचारतात आणि शाळेकडे ठरलेलं उत्तर आहे असे प्रश्न. दुसऱ्यात वारंवार विचारले जाणारे, पण शाळेत ज्याला त्याला वेगळं उत्तर माहीत आहे असे. तिसऱ्यात मोठ्याने कुणी विचारत नाही, पण निवांत बोलताना बाहेर आले असे: मोठी मुलं त्रास देतात का, फी अचानक वाढते का, माझं मूल मागे पडलं तर शाळा त्याला काढायला सांगेल का. पहिला गठ्ठा दुपारभरात लिहून होतो. दुसऱ्यात तुमचे आठवडे जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

उत्तर छापण्याआधी ते शाळेत आहे का ते पाहा

बालवर्गात एक पूर्ण दिवस काढा, फाटक उघडल्यापासून शेवटचं मूल घरी जाईपर्यंत. कोपऱ्यात बसा आणि घड्याळ पाहून लिहा. कोण कुणाला उतरवून घेतं, रडणारं मूल कुणाकडे जातं, डबे कोण उघडून देतं, कोण पाणी प्यायलं नाही ते कुणाला कळतं. यातली पुष्कळशी चांगली कामं शिक्षिका इतक्या सवयीने करतात, की त्या सांगतच नाहीत. आमच्या शाळेत बालवर्गाच्या ताई डबा संपल्यावर प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघत होत्या आणि डबा बराच उरलेला असेल तर वहीत नोंद करत होत्या. त्या वडिलांना हे माहीत असतं तर आठवडाभराचा घोर वाचला असता. पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं. सभागृहाला मात्र पूर्ण पान होतं.

दुसऱ्या गठ्ठ्यातला प्रत्येक प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांना, एकमेकांसमोर न आणता विचारा. मी विचारलं, "बस थांब्यावर आली आणि मुलाला घ्यायला कुणीच नसलं तर?" वर्गशिक्षिका म्हणाल्या, कार्यालय पालकांना फोन करतं. कार्यालय म्हणालं, बसमधल्या मावशी करतात. चालक म्हणाले, "मी पाच मिनिटं थांबतो, मग शेजारच्या घरी देतो, ओळखीचे असतात." तीन माणसं, तीन उत्तरं. याचा अर्थ शाळेत या गोष्टीची रीत ठरलेलीच नव्हती आणि आजवर निभावलं ते केवळ चांगल्या माणसांमुळे.

इथे लिहिणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. 'सुरक्षित वाहतूक व्यवस्था' असं लिहून पुढे जाता येतं. तुम्ही तसं करू नये अशी मी मनापासून विनंती करीन, कारण त्या तीन शब्दांवर विसंबून कुणीतरी साडेतीन वर्षांचं मूल बसमध्ये बसवणार आहे. दुसरी वाट म्हणजे हा प्रश्न मुख्याध्यापिकांपुढे ठेवणं. मी तिन्ही उत्तरं एका कागदावर लिहून दिली. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे आधी ठरवू या, मग छापू." त्याच आठवड्यात ठरलं: प्रवेशाच्या वेळी पालकांनी दिलेल्या तीन नावांपैकी कुणीतरी असल्याशिवाय मूल उतरवायचं नाही. कुणी नसेल तर मावशी पहिल्या क्रमांकावर फोन करतील. तरीही कुणी आलं नाही तर मूल बसमधून शाळेत परत येईल आणि पालक येईपर्यंत कार्यालयातल्या ताईंजवळ बसेल. ही रीत एक महिना चालवून पाहिली, आणि त्या महिन्यात एक उणीव सापडली. बस परत येईपर्यंत कार्यालय बंद होत होतं. मग ताईंची सुटी शेवटची बस परतण्याशी बांधली. हे सगळं झाल्यावरच ते वाक्य पुस्तिकेत गेलं.

ठरून महिना झाला नाही, प्रत्यक्षात चाललेलं कुणी पाहिलं नाही, ते छापू नका. 'लवकरच सुरू होत आहे' हेही नको. पुढच्या वर्षी ती ओळ दाखवत पालक कार्यालयात उभे राहतात.

एक आतली प्रत तयार करा. मजकुराच्या प्रत्येक विधानासमोर समासात लिहा: हे कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, आणि मी स्वतः पाहिलं की नाही. समास कोरा राहिला तर ते विधान गळतं. 'अनुभवी शिक्षकवर्ग' हा शब्दप्रयोग आमच्याकडे असाच गळला. चौकशी केली तेव्हा बालवर्गाच्या चारपैकी दोन शिक्षिका त्याच वर्षी आलेल्या होत्या. त्याऐवजी लिहिलं: 'बालवर्गाच्या प्रत्येक तुकडीत २ शिक्षिका असतात. त्यातली एक या शाळेत किमान ३ वर्षं शिकवत असलेली असते.' हे खरं होतं, आणि पालकांना त्यातून जास्त कळतं.

आता वाक्य पुरं करा

प्रत्येक सुविधेच्या ओळीला चार गोष्टी विचारा. कोण? केव्हा? नेमकं काय करतं? आणि नीट झालं नाही तर काय? चौथा प्रश्न सगळ्यांत जास्त टाळला जातो, आणि पालकांचा विश्वास त्याच्याच उत्तरावर बसतो.

प्रसाधनगृहाची ओळ पुढे अशी झाली:

'बालवर्गाचं स्वच्छतागृह वर्गाला लागूनच आहे. त्याच्या दाराला आतून कडी नाही. मुलाला केव्हाही जाता येतं, मधल्या सुटीची वाट पाहावी लागत नाही. मदतनीस मावशी सोबत जातात, कपडे सोडायला आणि धुवायला मदत करतात. मुलं अजून शिकत असतात, त्यामुळे कपडे ओले होणं नेहमीचं आहे. तसं झालं तर दप्तरातले जादा कपडे घातले जातात आणि घरी जाताना वर्गशिक्षिका तुम्हाला सांगतात. यासाठी मुलाला रागावलं जात नाही.'

जुनी ओळ पाच शब्दांची होती, ही जवळपास साठ. लांबी वाढली म्हणून घाबरू नका. सभागृहाचं पान कमी झालं की जागा मिळते. आणि 'आतून कडी नाही' हे बारीक सारीक वाटेल, पण मूल आत अडकेल ही भीती वहीत तीनदा आली होती.

सीसीटीव्हीचं वाक्य नीट लिहायला जास्त विचार लागतो. शाळांना कॅमेऱ्यांची संख्या छापायला आवडते. कॅमेरा घडलेलं नोंदवतो, पडलेल्या मुलाला उचलत नाही. पालकांचे प्रश्न होते: चित्रण कोण बघतं, किती दिवस राहतं, आणि मला मोबाइलवर दिसेल का. शेवटच्या प्रश्नाचं शाळेचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि कार्यालय ते सांगायला कचरत होतं. मला ते कारणासकट छापावंसं वाटलं: 'वर्गातलं थेट चित्रण पालकांना दाखवलं जात नाही, कारण त्यात इतरांचीही मुलं असतात. काही घडल्याची शंका असेल तर मुख्याध्यापिकांच्या उपस्थितीत त्या वेळेचं चित्रण पाहिलं जातं.' चित्रण किती दिवस ठेवतात तो आकडा यंत्रणा सांभाळणाऱ्याकडून लिहून घ्या, अंदाजाने टाकू नका.

त्रास देणाऱ्या मुलांबद्दल लिहिताना शाळा म्हणते, 'आमच्याकडे असे प्रकार होत नाहीत.' यावर कुणीही विश्वास ठेवत नाही, कारण प्रत्येक पालक स्वतः कधीतरी शाळेत गेलेला असतो. मान्य करा आणि पुढे काय होतं ते लिहा: कुणाला सांगायचं, शाळा किती दिवसांत उत्तर देते, दोन्ही मुलांशी कोण बोलतं, त्याच मुलाला पुन्हा त्रास झाला तर काय बदलतं. मुदत लिहिताना शिक्षिकांना विचारून लिहा. 'त्याच दिवशी' हे शब्द कागदावर छान दिसतात, पण एकटी वर्गशिक्षिका ते पाळू शकत नाही. आमच्याकडे बोलून 'दोन कामाच्या दिवसांत' असं ठरलं.

मूल मागे पडलं तर काय, या काळजीला एक परिच्छेद द्या, आणि शाळेत जे नाही ते तिथेच सांगा. त्या शाळेत विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनच दिवस येत होत्या. 'विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मार्गदर्शन' असं मोघम लिहिलं असतं तर रोजच्या मदतीची गरज असलेल्या मुलाचे पालक त्यावर विसंबले असते आणि वर्षाच्या मध्ये मुलाची शाळा बदलायची वेळ त्यांच्यावर आली असती. आम्ही लिहिलं, की विशेष शिक्षिका मंगळवारी आणि शुक्रवारी असतात, रोज सोबत बसणारं माणूस शाळेकडे नाही, आणि तशी गरज असेल तर अर्ज करण्याआधी येऊन बोला.

ज्या घरात शाळेच्या शिकवण्याची भाषा बोलली जात नाही त्या पालकांसाठीही दोन ओळी ठेवा. गृहपाठ किती, या प्रश्नामागे बऱ्याचदा 'मला तो घेता येईल का' हे असतं.

फीबद्दल थोडक्यात: फक्त एकूण रकमेने काळजी मिटत नाही. कोणती रक्कम वर्षातून एकदाच, कोणती दर सत्राला, गणवेश आणि सहली धरलेल्या आहेत का, वाढ झाली तर किती आधी कळवतात, प्रवेश रद्द केला तर काय परत मिळतं, हे सगळं एका सुट्या पत्रकावर, वर्ष छापून द्या. दरवर्षी बदलतं ते शिवलेल्या पुस्तिकेत घातलं, की पुढच्या वर्षी खाडाखोड करत बसावं लागतं.

तरणतलावाचं काय करायचं

हा प्रश्न बैठकीत येणारच. ज्यांनी खर्च करून तो बांधला त्यांना तो दिसायला हवा असतो, आणि ते रास्त आहे. तलाव काढू नका, त्याचं वाक्यही पुरं करा. आमच्याकडे खेळशिक्षकांशी बोलल्यावर कळलं, की तलावात तिसरीपासूनचीच मुलं उतरतात. पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं. त्यामुळे बालवर्गाच्या काही पालकांना उगाच धास्ती होती आणि काहींना चुकीची आशा. नव्या मजकुरात आलं: कोणत्या इयत्तेपासून, एका वेळी किती मुलं, पाण्यात कोण आणि काठावर कोण, कपडे बदलताना कोण असतं, पाण्याची भीती असलेल्या मुलावर जबरदस्ती होते का, आणि बालवर्गाच्या वेळेत तलावाच्या फाटकाला कुलूप असतं का. संस्थेच्या एका विश्वस्तांनी हे वाचून म्हटलं, "आता आमचा तलाव वापरात असल्यासारखा वाटतो."

छायाचित्रांनाही हेच लागू करा. रिकाम्या, चकचकीत प्रयोगशाळेऐवजी एका टेबलाभोवती चार मुलं आणि त्यांच्याकडे वाकलेली शिक्षिका दाखवा. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. विकत मिळणारी परकी छायाचित्रं वापरू नका, पालक शाळेत येऊन तीच जागा शोधतात. छायाचित्रात ओळखू येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या आणि चित्राखाली मुलाचं नाव देऊ नका.

क्रम आणि मांडणी

बालवर्गाची पानं आम्ही दिवसाच्या क्रमाने लावली: येणं, पहिला तास, डबा, स्वच्छतागृह, झोप किंवा विश्रांती, बरं नसेल तर, घरी जाणं. त्यानंतर शिकणं, शिक्षिका, शाळेशी बोलायचं कसं, आणि सगळ्यांत शेवटी इमारत. पालक मनात मुलाचा दिवस चालत असतो, त्याच वाटेने पुस्तिका चालली की त्याला शोधावं लागत नाही.

मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे १२ किंवा १६. मजकूर १३ पानं झाला तर तीन रिकामी पानं भरायला पुन्हा इमारतीची चित्रं येतात, म्हणून तो १२ मध्ये बसवा. अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, कारण देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, ओळी दाटल्या की ते एकमेकांत अडकतात. छायाचित्रावर मजकूर छापू नका. बरेच पालक ही पुस्तिका मोबाइलवरच वाचणार असतात, तेव्हा उभ्या पानाची पीडीएफ स्वतःच्या फोनवर, बोटांनी मोठी न करता वाचून पाहा.

छापायला देण्याआधी पाच जणांना वाचायला द्या

हे पालक शाळेशी संबंध नसलेले, पण त्याच वयाच्या मुलांचे असावेत. घरच्या साध्या छपाईयंत्रावर काढलेली प्रत चालते. 'आवडली का?' असं विचारू नका, 'समजलं का?' असंही नको. दोन्हींना 'हो' असंच उत्तर येतं. त्याऐवजी काम द्या: "तुमच्या मुलाला दुपारी ताप आला. शाळा काय करील ते यात शोधा आणि मला तुमच्या शब्दांत सांगा." ते पानं कुठून उलटतात, कुठे थांबतात, ते पाहा आणि मध्ये बोलू नका.

आमच्या चाचणीत दोन गोष्टी फसलेल्या सापडल्या. 'आवश्यकता भासल्यास पालकांना कळवले जाईल' हे वाक्य आजारपणाच्या परिच्छेदात जुन्या पुस्तिकेतून तसंच राहून गेलं होतं. एका आईने ते वाचून विचारलं, "आवश्यकता कुणाला भासायची?" मग शाळेशी बोलून लिहिलं: 'ताप वाटला की मोजला जातो. ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच फोन येतो. तुम्ही येईपर्यंत मूल कार्यालयाशेजारच्या खोलीत ताईंजवळ असतं. तुम्हाला विचारल्याशिवाय औषध दिलं जात नाही.' दुसरी चूक माझी स्वतःची होती. 'मदतनीस मावशी मुलांसोबत असतात' हे वाचून एका वडिलांना वाटलं, की प्रत्येक मुलामागे एक मावशी. तिथे २८ मुलांमागे २ असा आकडा घातला. तो वाचून एकदोघांचा चेहरा पडला, पण प्रवेशानंतर पडण्यापेक्षा आधी पडलेला बरा.

पाच जणांनंतर तेच अडथळे पुन्हा दिसू लागले तर थांबा, दुरुस्त करा आणि बदललेली पानं आणखी दोघांना दाखवा.

छापल्यानंतर

कार्यालयातली वही बंद करू नका. पुस्तिका कामाची झाली की नाही हे तिथेच कळतं, अर्जांच्या संख्येवरून नाही, कारण अर्ज फी, अंतर, भावंडं अशा कितीतरी गोष्टींवर ठरतात. नवी पुस्तिका गेल्यावर आमच्या वहीतला 'कोण नेतं' हा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी वेगळे प्रश्न आले: "मावशी सुटीवर असल्या तर?" "जादा कपड्यांचे किती जोड पाठवू?" पहिल्याचं उत्तर शाळेकडे नव्हतं. मुख्याध्यापिकांनी बदली मावशीचं नाव ठरवलं, आणि ते वाक्य पुढच्या वर्षीच्या मजकुरासाठी आतल्या प्रतीत लिहून ठेवलं, समासात तारीख घालून.

दरवर्षी पुनर्मुद्रणाच्या महिनाभर आधी ही आतली प्रत घेऊन बसा. समासातल्या प्रत्येक माणसाकडे जा आणि त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवा. "हे अजून असंच चालतं का?" चालक बदललेले असतात, खोली बदललेली असते, तीन वर्षांच्या शिक्षिका सोडून गेलेल्या असतात. ज्या वाक्यावर 'हो' मिळत नाही त्यावर रेघ मारा. मग त्याच्या जागी काय चालतं ते पाहायला पुन्हा एक दिवस बालवर्गात जाऊन बसा.